पहाटे साडेपाचच्या आधीचं दूध: निसटलेल्या एका दोषाची कारणमीमांसा

हे प्रकरण एका सहकारी दूध संघासाठी आम्ही चालवत असलेल्या संकलन-प्रणालीतलं आहे. चाचणी गटाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मूळ कारण सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत जायच्या, म्हणजे ‘पाच का’ पद्धतीच्या, नंतरच्या बैठका मीच घेतल्या. गावं, माणसं आणि आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कारणं जशी होती तशीच ठेवली आहेत.

## पार्श्वभूमी

संघाची साठेक संकलन केंद्रं. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, काट्यावर लिटर मोजलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, निघतं, पावती छापली जाते आणि नोंद आमच्या सर्व्हरवर येते. दर दहा दिवसांनी बिल निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. एका सभासदाची एका तारखेला, एका वेळेची एकच नोंद असू शकते. हा नियम डेटाबेसमध्येच घातलेला होता.

महिन्याच्या २ तारखेच्या रात्री आम्ही डेटाबेस संघाच्या कार्यालयातल्या जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवरच्या सेवेत हलवला. डेटाबेस दोन्हीकडे पोस्टग्रेसच होता. कोडची एक ओळही बदलली नव्हती. हलवून झाल्यावर प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजल्या, लिटरची आणि रकमांची बेरीज जुन्याशी ताडून पाहिली. सगळं जुळलं. ३ तारखेच्या पहाटेपासून केंद्रं नव्या डेटाबेसवर चालू लागली.

## काय बिघडलं

१३ तारखेला एका डोंगराकडच्या केंद्राच्या सचिवांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्यासमोर एक मावशी पावत्यांची चळत घेऊन बसल्या होत्या. १ ते १० तारखेच्या सकाळच्या दहा पावत्या त्यांच्याकडे होत्या आणि बिलात सकाळच्या नोंदी सातच. ३, ५ आणि ८ तारीख कोरी.

“मॅडम, मावशींना वाटतंय दूध मीच लाटलं,” अण्णा म्हणाले. “वीस वर्षं या खुर्चीत बसतोय.”

संध्याकाळच्या नोंदी पूर्ण होत्या. त्या दिवसात त्याच पट्ट्यातल्या आणखी दोन केंद्रांमधून अशाच तक्रारी आल्या.

## पहिला अंदाज आणि तो का सोडला

डोंगराकडची गावं, तिथे रेंजची बोंब. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एकच आलं: नेटवर्क तुटलं असेल, नोंद पोचलीच नसेल. ‘का’ची साखळी तिथूनच सुरू झाली असती आणि पाच उत्तरं फळ्यावर भराभर लिहून झाली असती. नोंद का नाही? पोचली नाही. का? रेंज नव्हती. का? टॉवर लांब आहे. ऐकायला प्रत्येक उत्तर पटतं.

पण आम्ही एक नियम ठरवला होता. उत्तर पुराव्यासह आलं तरच पुढचा ‘का’ विचारायचा. म्हणून अण्णांना पावत्यांचे फोटो पाठवायला सांगितलं आणि सर्व्हरच्या विनंत्यांचा लॉग उघडला. ३ तारखेची नोंद लॉगमध्ये होती, पहाटे ५ वाजून १२ मिनिटांची, आणि ती जतन झाल्याचं उत्तरही केंद्राला गेलं होतं. नेटवर्कचा अंदाज तिथेच संपला.

मग माझ्या सहकाऱ्याने पावत्या आणि बिल शेजारी ठेवून लिटर आणि फॅट वाचायला सुरुवात केली. ३ तारखेच्या पावतीवर ६.४ लिटर, ४.१ फॅट होतं. बिलात तेच आकडे २ तारखेपुढे होते. ५ तारखेचं दूध ४ पुढे, ८ चं ७ पुढे. म्हणजे कोऱ्या दिसणाऱ्या तारखांचं दूध बिलात होतंच. गायब झालं होतं ते २, ४ आणि ७ तारखेचं. आदल्या दिवशीची नोंद पुसून तिच्या जागी दुसऱ्या दिवशीची बसली होती.

मी अण्णांना विचारलं, मावशी या तीन दिवशी किती वाजता आल्या होत्या? उत्तर मावशींनीच दिलं. रात्रीची लाईट असली की पिकाला पाणी पाजून त्या तशाच धार काढतात आणि काटा सुरू होताच, पाचला, डेअरीवर येतात. एरवी सहाच्या पुढे. ३, ५ आणि ८ या तिन्ही दिवशी त्या लवकर आल्या होत्या.

भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत यूटीसीमध्ये कालचीच तारीख असते. मावशींच्या उत्तरानंतर दहा मिनिटांत सेटिंग तपासलं. जुन्या सर्व्हरवर `Asia/Kolkata`, नव्यावर `UTC`.

## पहिली साखळी: दोष निर्माण का झाला

नोंद घेणारा कोड थोडक्यात असा होता:

```sql
INSERT INTO milk_entry (member_id, shift, litres, fat, snf)
VALUES ($1, $2, $3, $4, $5)
ON CONFLICT (member_id, collection_date, shift)
DO UPDATE SET litres = EXCLUDED.litres,
              fat = EXCLUDED.fat, snf = EXCLUDED.snf,
              updated_at = now();
```

`collection_date` हा रकाना इथे कुठेच भरलेला नाही. तो टेबलाच्या व्याख्येतल्या `DEFAULT CURRENT_DATE` मधून येत होता आणि `CURRENT_DATE` त्या जोडणीच्या टाइमझोनप्रमाणे तारीख देतो.

बैठकीत पहिल्यांदा साखळी अशी झाली. बिलात नोंदी कमी का? जुन्या नोंदीवर नवी बसली. का बसली? दोन्हींची तारीख एकच लागली. का? तारीख यूटीसीप्रमाणे पडली. का? नव्या डेटाबेसचा टाइमझोन यूटीसी होता. का? डेटाबेस हलवणाऱ्याने तो बदलला नाही.

पाच ‘का’ पूर्ण झाले आणि उत्तरात एक माणूस आला. तो मुलगा समोरच बसला होता. खाली मान घालून तो म्हणाला, “ताई, माझीच चूक आहे.” खोली शांत झाली. तिथे थांबणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

‘पाच का’ची ही पद्धत टोयोटातून आली. तिथले अभियंते ताइइची ओनो यांच्या प्रसिद्ध उदाहरणात मशीन बंद पडतं, कारण फ्यूज उडतो. तिथून बेअरिंगचं वंगण, वंगणाचा पंप, पंपाचा झिजलेला दांडा असं करत साखळी ‘पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला’ इथे पोचते. ‘फिटर विसरला’ इथे ती थांबत नाही. गाळणी बसवता येते, पण विसरणं बंद करता येत नाही. मी विचारलं, त्या रात्री याच्या जागी आपल्यातलं दुसरं कुणी असतं तर टाइमझोन तपासला असता का? आमच्याकडे डेटाबेस हलवण्याची ४१ मुद्द्यांची यादी होती. त्यात टाइमझोन नव्हता आणि ती यादी मी स्वतः तपासून मंजूर केली होती. मीही तपासला नसता.

मग शेवटचं उत्तर पुसून आम्ही एक पायरी मागे गेलो आणि प्रश्न बदलला: सर्व्हरच्या टाइमझोनवर बिलाची तारीख अवलंबून का होती? उत्तर जुन्या टिपणांत सापडलं. आधी तारीख केंद्रावरच्या संगणकाकडून यायची. पण त्यांच्या आतल्या बॅटऱ्या जुन्या झाल्या की वीज गेल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जायचं. म्हणून चार वर्षांपूर्वी ‘तारीख फक्त सर्व्हरची’ असं ठरलं. निर्णय बरोबर होता. ‘सर्व्हर भारतीय वेळेवर आहे’ हे त्यामागचं गृहीत मात्र कोडमध्ये नव्हतं, कागदावर नव्हतं आणि कुठल्या चाचणीतही नव्हतं.

दुसरा फाटाही तितकाच महत्त्वाचा निघाला. तारीख चुकली एवढ्याने दूध हरवत नाही, नोंद फक्त चुकीच्या दिवशी दिसते. दूध हरवलं ते `DO UPDATE` मुळे. तो का होता? रेंज गेली की केंद्राचा संगणक तीच नोंद पुन्हा पाठवतो. दुसऱ्यांदा आलेली नोंद नाकारली तर ऑपरेटरला चूक दिसते आणि रांग अडते. म्हणून ‘असेल तर बदल’ असं केलं होतं. तीच नोंद पुन्हा आली आहे की त्याच जागेवर वेगळी नोंद आली आहे, हे ओळखायची सोयच ठेवली नव्हती. साखळी इथे दुभंगते. एकाच ओळीत पाच उत्तरं हवीत असा हट्ट धरला असता तर हा फाटा हातचा गेला असता.

लिहिलेली साखळी खालून वर ‘म्हणून’ लावून वाचायची सवय आम्ही तेव्हापासून लावून घेतली. ‘सर्व्हर भारतीय वेळेवर आहे हे गृहीत होतं, म्हणून टाइमझोन बदलताच तारीख बदलली’ हे नीट वाचता येतं. ‘तारीख चुकली, म्हणून दूध हरवलं’ इथे अडखळायला होतं, आणि दुसरा फाटा आम्हाला तसाच अडखळताना सापडला.

## दुसरी साखळी: दोष बाहेर का निसटला

हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा, असं माझं ठाम मत आहे. दोष का झाला याचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी पुढचा दोष तशाच वाटेने बाहेर पडतो.

चाचणीत का दिसला नाही? चाचणीचा डेटाबेसही त्याच क्लाउडवर, यूटीसीवरच होता. दोष तिथे आठवडाभर जिवंत होता. पण आम्ही हाताने चाचण्या करायचो कार्यालयाच्या वेळात आणि आपोआप चालणारा संच चालायचा रात्री ११ वाजता. चोवीस तासांतले साडेअठरा तास दोन्हीकडची तारीख एकच असते आणि आमचं सगळं काम नेमकं त्या तासांत होतं.

चाचणीत पहाटेची वेळ का घेतली नाही? घेताच येत नव्हती. तारीख डेटाबेसच्या घड्याळातून येत असल्याने ‘समजा आता ५:१२ वाजलेत’ असं चाचणीला सांगायची सोय नव्हती.

मग हलवताना वर्तनात काय बदलेल याचा विचार का झाला नाही? कारण आमच्या नियमाप्रमाणे चाचणीची व्याप्ती बदललेल्या कोडवरून ठरायची. कोड तोच, म्हणून व्याप्ती शून्य. ४१ मुद्दे विदा सुखरूप पोचला का एवढंच विचारत होते. जुना विदा खरोखर सुखरूप पोचला होता, म्हणून बेरजा जुळल्या. उद्या येणारी नोंद कशी लिहिली जाईल हे त्या यादीत कुठेच नव्हतं.

आणि दहा दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही? प्रत्येक नोंद ‘यशस्वी’ होत होती. केंद्रातून टँकरमध्ये गेलेलं दूध आणि सभासदांच्या नोंदींची बेरीज यांतला फरक दाखवणारा अहवाल होता, पण तो महिनाअखेरीस निघायचा. थोडी घट नेहमीचीच, म्हणून रोज बघायची गरज कुणाला वाटली नव्हती.

## कोणते पर्याय होते

जुन्या सर्व्हरवर परत जाणं लगेच बाद झालं. दहा दिवसांच्या नव्या नोंदी उलट दिशेने हलवणं हाच नवा धोका होता. डेटाबेसचा टाइमझोन बदलायला एक आज्ञा पुरत होती, पण त्याने गृहीत तसंच लपलेलं राहणार होतं. कोडमध्ये तारीख स्पष्ट लिहायची तर चाचणीसह दोन-तीन दिवस लागणार होते. आम्ही आधी आज्ञा आणि मग कोड असं ठरवलं.

खरा पेच भरपाईचा होता. संघाच्या कार्यालयातून सूचना आली की तक्रार करणाऱ्यांना पुढच्या बिलात रक्कम द्या आणि विषय मिटवा. आम्ही दोन कारणांसाठी त्याला नाही म्हटलं.

पहिलं म्हणजे तक्रार फक्त मावशींसारख्यांनी केली होती, जे कधी लवकर तर कधी उशिरा येतात. त्यांच्या बिलात कोरे दिवस दिसत होते. रोज साडेपाचच्या आधी येणाऱ्या सभासदाचं काय झालं ते आम्ही कागदावर मांडून पाहिलं. ३ तारखेचं दूध २ ला लागलं आणि २ ची खरी नोंद पुसली गेली. मग ४ चं ३ ला, ५ चं ४ ला, असं करत ११ तारखेचं दूध १० ला. बिल ११ च्या रात्री निघालं, त्यात सकाळच्या दहाच्या दहा नोंदी. मोजून बघणाऱ्यालाही काही खटकणार नाही. पण २ तारखेचं दूध कायमचं गेलेलं. या लोकांकडून तक्रार कधीच आली नसती.

दुसरं, दिवाळीला मिळणारा दरफरक वर्षभराच्या लिटरवर निघतो. नुसती रक्कम दिली तर लिटर कमीच राहतात आणि दिवाळीत पुन्हा तोच माणूस नुकसानीत जातो. म्हणून मूळ तारखेला मूळ लिटर, फॅट आणि एसएनएफ परत बसवायचं ठरलं.

## काय केलं

सगळ्यात आधी लॉग वेगळा काढून ठेवला. तो १४ दिवसच राहायचा आणि ३ तारखेचा भाग १७ ला पुसला जाणार होता. दुरुस्तीच्या घाईत हे राहून गेलं असतं तर हरवलेल्या नोंदी पावत्यांवरूनच गोळा कराव्या लागल्या असत्या, आणि पावत्या सगळेच जपून ठेवत नाहीत. २ तारखेच्या मूळ नोंदी जुन्या सर्व्हरवर होत्या. तो अजून बंद केला नव्हता.

१४ ला दुपारी, दोन वेळांच्या मधल्या मोकळ्या वेळात, टाइमझोन बदलला. `ALTER DATABASE ... SET timezone` फक्त नव्या जोडण्यांना लागू होतो. आमची ॲप्लिकेशन जोडण्या उघड्याच ठेवते, त्यामुळे ती बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत काहीच बदललं नाही. (हे नोडमधल्या ॲप्लिकेशनबद्दल आहे. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर जोडणी करतानाच आपल्या यंत्राचा टाइमझोन पाठवतो, त्यामुळे तिथे दोष वेगळ्याच ठिकाणी शोधावा लागला असता.)

पुसल्या गेलेल्या नोंदी शोधायला टेबलानेच मदत केली. ऑपरेटर चूक दुरुस्त करतो ती काही मिनिटांत, त्याच वेळेच्या कामात. दुसऱ्या दिवशीच्या दुधाने पुसलेली ओळ मात्र जवळजवळ एका दिवसाने बदललेली असते:

```sql
SELECT member_id, collection_date, created_at, updated_at
FROM milk_entry
WHERE shift = 'M'
  AND updated_at - created_at > interval '12 hours';
```

ही यादी, लॉगवरून पुन्हा रचलेल्या नोंदी आणि केंद्रांनी पाठवलेल्या पावत्या अशा तीन बाजू ताडून पाहिल्या. साडेपाचच्या आधी काटा सुरू होणारी केंद्रं नऊ निघाली. दोष त्या नऊच केंद्रांत होता.

कोडमध्ये तारीख आता भारतीय वेळेवरून स्पष्ट काढली जाते आणि चाचणीला हवी ती वेळ देता येते. ५:२९, ५:३१, मध्यरात्रीनंतरची दहा मिनिटं आणि महिन्याची पहिली पहाट या वेळांच्या चाचण्या डेटाबेस मुद्दाम यूटीसीवर ठेवून चालतात. प्रत्येक नोंदीला केंद्रावरच एक वेगळा क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर पुनरावृत्ती समजून सोडून द्यायचा, वेगळा आला तर नोंद न पुसता ऑपरेटरला विचारायचं. टँकरचा फरक रोज सकाळी दहाला निघतो. डेटाबेस हलवताना `pg_settings` ही सेटिंगांची यादी दोन्हीकडून काढून फरकाची प्रत्येक ओळ कुणीतरी वाचून सही करतो.

‘सर्वांना टाइमझोनचं प्रशिक्षण’ हा बैठकीत आलेला उपाय आम्ही घेतला नाही. टाइमझोन म्हणजे काय हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

## परिणाम

२० तारखेच्या बिलासोबत नऊ केंद्रांतल्या प्रत्येक बाधित सभासदाला १ ते १० चं दुरुस्त बिल आणि फरकाची वेगळी ओळ मिळाली. सात नोंदींत लॉग आणि पावती जुळेना. तिथे पावती ग्राह्य धरली, कारण सभासदाच्या हातात तीच होती.

काही महिन्यांनी डेटाबेसची आवृत्ती बदलताना सेटिंगांच्या तुलनेत अक्षरक्रमाचा फरक आधीच दिसला. तो तसाच गेला असता तर सभासदांच्या याद्यांचा क्रम बदलला असता. केंद्रावरच्या घड्याळांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दिवसभर रेंज नसली तर नोंद उशिरा येते आणि सर्व्हरची तारीख तेव्हाही चुकू शकते. नऊपैकी चार केंद्रांवर त्यासाठी प्रयोग चालू आहे.

## आज वेगळं काय केलं असतं

तांत्रिक बाजूचं म्हणायचं तर हलवण्याआधी चाचणीच्या डेटाबेसवर एक पूर्ण दिवस, पहाटे चारपासून, खऱ्या केंद्रांच्या नोंदींची प्रत सोडली असती. विदा होता, यंत्रणा होती. पहाटे कुणीतरी उठण्याचा प्रश्न होता, आणि केंद्रांवर तर ते रोज उठतातच.

पण मला जास्त टोचतं ते दुसरंच. दोष आमचा आहे हे १३ तारखेच्या संध्याकाळी आम्हाला माहीत होतं. केंद्रांना कळवलं १६ ला, कारण नेमके आकडे हातात आल्यावरच बोलायचं असं मी ठरवलं. ते तीन दिवस अण्णा आणि इतर सचिव गावात संशयित म्हणून वावरले. आकडे नसतानाही ‘चूक सर्व्हरची आहे, केंद्राची नाही, पावत्या जपून ठेवा’ एवढं तीन ओळींत त्याच रात्री कळवता आलं असतं. आता प्रकरणाच्या आमच्या नमुन्यात ‘यात कुणावर विनाकारण आळ आला आहे का’ असा रकाना कारणांच्याही आधी येतो.

दुरुस्त बिलं घेऊन मी स्वतः अण्णांच्या केंद्रावर गेले. त्यांनी बिलं वाटायच्या आधी आमचं पत्र मागितलं, चूक आमची असल्याचं, सही-शिक्क्याचं. ते त्यांनी काट्याच्या वरच्या भिंतीवर लावलं आणि मग पहिलं बिल मावशींच्या हातात दिलं.